२० हजारांचं बिल, महिना साडेतीन टक्के

"क्रेडिट कार्डाचं २०,००० चं बिल थकलंय, महिना ३.५% लागतो म्हणे. ६ महिन्यांनी २४,२००च होतील ना?"

नाही हो, इथेच सगळे फसतात. ३.५ ला ६ ने गुणून २१% काढलंत, पण ते सरळव्याज झालं. कार्डावर व्याज बाकीत मिळत जातं, म्हणजे पहिल्या महिन्याअखेर २०,७००, मग पुढचे साडेतीन टक्के या २०,७०० वर, म्हणून दुसऱ्या महिन्याला २१,४२४.५०, तिसऱ्याला साधारण २२,१७४, असं करत सहाव्याला २४,५८५ च्या आसपास. कॅल्क्युलेटरवर 20000 × 1.035^6 करून बघा.

आता वर जीएसटी, तो फक्त व्याजावर १८%, म्हणजे ४,५८५ वर अजून ८२५, एकूण २५,४१० (हे एकही नवीन खरेदी नाही असं धरून). लेट फी वेगळीच. ती बहुतेक बँकांत टक्क्यात नसते, थकलेल्या रकमेच्या स्लॅबप्रमाणे ठरलेली रक्कम असते, आणि आरबीआयच्या नियमाने ड्यू डेटनंतर ३ दिवस उलटल्यावरच लावता येते, शिवाय थकलेली फी किंवा टॅक्स बाकीत मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, तेवढं स्टेटमेंटमध्ये तपासा.

आणि बाकी शिल्लक असताना तेच कार्ड किराण्याला घासू नका, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, मी यातच अडकलो होतो 😅