अनिश्चितता, त्रुटी की अधिक-उणे? (कॉस्टिक सोड्याच्या बाटलीवर काय लिहावं)

संपदा
एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेची कार्यपद्धती मराठीत करून देते आहे आणि दोन शब्दांवर गाडी अडली आहे. दुधाची आम्लता तपासायला ते कॉस्टिक सोड्याचं डेसिनॉर्मल द्रावण तिथेच बनवतात. केएचपी, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, तोलून घेऊन त्याच्यावर त्या द्रावणाची नेमकी ताकद काढतात. मूळ मजकुरात या कामाला 'स्टँडर्डायझेशन' म्हटलंय, तिथे मी 'प्रमाणीकरण' लिहिलं. शेवटी बाटलीवरच्या चिठ्ठीचा नमुना आहे, त्यात 'संहती ०.१००३ मोल/लिटर, अनिश्चितता ± ०.०००२' असं लिहिलं.

दोन्ही शब्द परत आले. पाळीवरच्या दादांनी विचारलं, "प्रमाणीकरण म्हणजे आधारचं ना, अंगठा लावायचा?" आणि साहेबांनी 'अनिश्चितता'खाली लाल रेघ मारून लिहिलं, "अनिश्चित असेल तर वापरता कशाला? त्रुटी लिहा." मला 'त्रुटी' पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना सांगता आलं नाही.

बागायतदार
आमच्या सोसायटीचं आधार प्रमाणीकरण दोन महिने रखडलंय. बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणतात. काय करावं लागतं, कुणाला माहीत आहे का?

संपदा
दादा, हा धागा रसायनशास्त्रातल्या शब्दाचा आहे. पण पाळीवरच्या दादांचं म्हणणं तुमच्यामुळे सिद्धच झालं :)

नाना_साखरवाले
चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. 'प्रमाणीकरण' हा शब्द एकदाही कुणाच्या तोंडून ऐकला नाही. "सोड्याचा फॅक्टर काढलास का?" एवढंच. फॅक्टर १.००३ आला की बाटलीवर तेवढाच लिहायचा. 'फॅक्टर काढणे' लिहा, शिपायापासून केमिस्टपर्यंत सगळ्यांना कळेल. आणि ते ± म्हणजे त्रुटीच हो, दुसरं काय? चार दशांशाचा काटा चांगला असला, केएचपी नीट तोललं, की त्रुटी नावालाही उरत नाही.

शंकुपात्र
नाना, 'फॅक्टर काढणे' एकदम मान्य. मी रोज तेच बोलते. पण काट्याबद्दल तुमचं म्हणणं पटत नाही, आणि संपदाताईंच्या शब्दाचं उत्तर तिथेच आहे.

ताईंच्या आकड्याशी जुळणारं माझंच एक अनुमापन सांगते. केएचपी घेतलं ०.५१२४ ग्रॅम, सोडा लागला २५.०२ मिली. केएचपीचा एक मोल २०४.२२ ग्रॅमचा, आणि त्याचा एक मोल सोड्याचा एकच मोल खातो. भागाकार करा, ०.१००३ येतं.

आता यातलं काय किती हलू शकतं ते बघू. दहा हजारांत किती, अशा भाषेत बोलते, म्हणजे शून्यं मोजावी लागणार नाहीत. काटा: रिकामं आणि भरलेलं, दोन्ही तोलण्यांचं मिळून दहा हजारांत अडीच. केएचपीच्या शुद्धतेचे तीन. तेच काम पुन्हा पुन्हा केल्यावर माझ्या हातून पडणारा फरक, पाच. आणि ब्युरेटचे, त्यात खोलीचं तापमान थोडं वर-खाली होण्याचं धरून, नऊ. ब्युरेट ५० मिलीची, अ वर्गाची आहे, तरीही नऊ.

यांची नुसती बेरीज करत नाहीत, कारण सगळे एकाच वेळी एकाच बाजूला जाणं दुर्मीळ. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात: सव्वासहा, नऊ, पंचवीस आणि एक्याऐंशी. एकशे एकवीसच्या जरा वर, म्हणजे वर्गमूळ अकरा. दहा हजारांत अकरा म्हणजे ०.१००३ वर ०.०००११, आणि चिठ्ठीवर त्याच्या दुप्पट लिहितात. तोच तुमचा ± ०.०००२.

आता नानांचा काटा. त्याचे सव्वासहा पूर्ण पुसून टाका, कितीही महागडा काटा आणा, वर्गमूळ पावणेअकराच्या आसपासच राहतं. सगळा भार ब्युरेटवर आहे.

आणि मुख्य म्हणजे यात मी कुठेही चुकलेले नाही. सगळं नीट करूनही एवढं उरतंच. म्हणून ती त्रुटी नव्हे.

शब्दवेध
मुळात 'प्रमाणीकरण'चा धातू बघा. मा, म्हणजे मोजणे. त्यातून मान, माप, प्रमाण, मानक. 'प्रमाण' म्हणजे ज्याच्या आधारे मोजायचं ते. आधारवाल्यांनी तो ओळख पटवण्याला वापरला म्हणून आपण मूळ अर्थ का सोडायचा? 'प्रमाणीकरण'च ठेवा, लोक शिकतील. 'फॅक्टर' मात्र नको. आज फॅक्टर घेतला, उद्या 'स्टँडर्डाइझ करून घे', परवा मराठीत फक्त क्रियापदं उरतील. 'अनिश्चितता' मलाही नको वाटते, त्यात घबराट आहे. 'संदेहमान' कसा वाटतो?

नाना_साखरवाले
संदेहमान वाचून रात्रपाळीचा पोरगा बाटलीच ओतून देईल.

दुकानदाराचा_मुलगा
रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं, पण हा फरक आमच्या दुकानात रोज दिसायचा. वडील धान्य देताना झुकतं माप द्यायचे. पारडं नेहमी गिऱ्हाइकाकडे. हे एका बाजूचं, माहीत असलेलं, हवं तर बंद करता येणारं. पण पारडं अगदी सरळ धरलं तरी शेवटचे चार दाणे इकडे की तिकडे हे कुणी सांगू शकत नाही. त्याला ते 'अधिक-उणं' म्हणायचे. "पायलीला मूठभर अधिक-उणं चालतं." तुमचं ± म्हणजे हे दुसरं ना?

शंकुपात्र
अगदी हेच! झुकतं माप आणि अधिक-उणं, याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

आमच्याकडची झुकती मापं म्हणजे, केएचपी ११० अंशाला दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये थंड न करता तसंच घेतलं, तर त्यातलं पाणीही केएचपी म्हणून तोललं जातं आणि सोडा आहे त्यापेक्षा जोरकस दिसतो. नेहमी जोरकसच, कधी उलट नाही. गुलाबी रंग गडद होईपर्यंत सोडा सोडत राहिलं तर उलट, सोडा कमजोर दिसतो. हे ± मध्ये मावत नाही. ते शोधून दुरुस्तच करावं लागतं.

नाना_साखरवाले
काट्याचं मान्य, तुमचा हिशोब मी कागदावर करून पाहिला. पण झुकत्या मापावरून एक आठवलं. निवृत्तीनंतर गावाकडच्या एका दूध संकलन केंद्रात मदतीला जायचो. तिथे सोड्याची बाटली खिडकीत, बुचाशिवाय. फॅक्टर महिन्यापूर्वीचा. सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि त्याचा काही भाग कार्बोनेट होतो. फिनॉल्फथॅलिनवर तो कार्बोनेट अर्धाच मोजला जातो, म्हणून बाटली रोज थोडी कमजोर होत जाते. मी केएचपीवर पाहिलं तर ०.१ च्या जागी ०.०९५ निघालं.

म्हणजे काय झालं बघा. कमजोर सोडा जास्त लागतो, आणि हिशोब मात्र जुन्या आकड्याने. ०.१४ टक्के आम्लतेचं चांगलं दूध ०.१४७ दिसायचं, वहीत ०.१५ लिहायचे, आणि त्या केंद्रावर ०.१५ ला दूध परत. एक म्हातारी बाई तीन दिवस कॅन घेऊन परत गेली होती. तिच्या म्हशीचा काही दोष नव्हता. बाटलीवर ± काहीही लिहिलं असतं तरी तिला उपयोग नव्हता.

संपदा
नाना, हे कार्यपद्धतीत घालते. बाटली उघडल्याची तारीख आणि पुन्हा फॅक्टर काढायची तारीख, दोन्ही चिठ्ठीवर.

शंकुपात्र
आणि केएचपी विरघळवायचं पाणी उकळून गार केलेलं असू द्या. नाहीतर पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही सोडा खातो. हवेतला तर नंतरही उतरतच असतो, म्हणून आलेला गुलाबी रंग पुन्हा फिकटतो. रंग तीस सेकंद टिकला की थांबायचं. पूर्ण मिनिटभर टिकेपर्यंत थेंब घालत बसलात तर तेही झुकतं मापच.

नाफ्था
सगळे केएचपी म्हणून मोकळे झालात, पण 'थॅलेट' हा शब्द कुठून आला ते कुणी विचारलंच नाही! फ्रेंच रसायनज्ञ लॉराँ यांनी १८३६ मध्ये हे आम्ल नॅफ्थॅलीनपासून केलं, आपल्या डांबराच्या गोळ्यांचं ते. त्यांनी नाव दिलं नॅफ्थॅलिक. पुढे त्याचं सूत्र वेगळं निघालं, म्हणून नावाचं डोकं छाटून थॅलिक केलं. मूळ शब्द नाफ्था, म्हणजे जमिनीतून पाझरणारं तेल. तर मराठीत 'थॅलेट' की 'फ्थॅलेट'? माझं मत फ्थॅलेट, म्हणजे नाफ्था दिसतो.

शब्दवेध
जीभ वळत नाही तो शब्द मराठी होत नाही. थॅलेट.

नाफ्था
मग 'संदेहमान' कुणाच्या जिभेला वळला? आणि फिनॉल्फथॅलिनमध्ये तो फ ठेवताच ना? तिथेही हाच शब्द लपलाय.

दुकानदाराचा_मुलगा
एक अडाणी प्रश्न. सकाळी काढलेला फॅक्टर दुपारी तोच राहतो का? आमच्याकडे गोडेतेल उन्हाळ्यात मापाला जास्त भरायचं.

शंकुपात्र
अजिबात अडाणी नाही. सकाळी एसीत २२ अंशाला फॅक्टर काढला, दुपारी वीज गेली आणि खोली ३२ वर गेली, तर द्रावण फुगतं आणि लिटरमागचा सोडा साधारण पाव टक्क्याहून किंचित जास्त कमी होतो. ०.१००३ चा ०.१०००. म्हणजे चिठ्ठीवरचा अख्खा ± त्या दहा अंशांतच संपला. तापमानही लिहा.

संपदा
सध्या असं केलंय. मथळा: 'सोड्याची ताकद काढणे (फॅक्टर)'. 'प्रमाणीकरण' फक्त पहिल्या पानावर, तपासणीस येतात त्यांच्यासाठी. चिठ्ठीवर: '०.१००३ मोल/लिटर, अधिक-उणे ०.०००२, २७ अंश से.', खाली दोन तारखा. पाळीवरच्या दादांना वाचायला दिलं. त्यांनी "कमी-जास्त" असं वाचलं आणि तारखांवर बोट ठेवून विचारलं, "यातली कुठली चुकली तर दूध परत जातं?"

साहेबांना 'अधिक-उणे' बोली वाटतंय. ते अजून 'त्रुटी'वरच आहेत.

शब्दवेध
बोली वाटणारच. 'उणे' ठेवायचं तर 'अधिक' संस्कृत कशाला? 'जास्त-उणे' म्हणा.

नाना_साखरवाले
'जास्त' फारसीतून आलाय ना?

शंकुपात्र
ताई, चिठ्ठीवर एक राहिलं. अकराची दुप्पट केली हे कुठेतरी सांगायला हवं. आमच्याकडे k = 2 लिहितात, म्हणजे शंभरांत पंचाण्णव वेळा खरा आकडा या पट्ट्यात असेल असा भरवसा. नाहीतर कुणीतरी ते एकेरी समजून पुन्हा दुप्पट करेल.

संपदा
त्याला मराठीत काय म्हणू?