आईचे डोळ्यांचे तीन ड्रॉप्स: मध्ये किती वेळ सोडायचा? आणि जुनी बाटली चालेल का?

रुचिरा_एम
आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. चिठ्ठीवर तीन ड्रॉप्स आहेत: मॉक्सिफ्लॉक्सासिन चार वेळा, प्रेडनिसोलोन सहा वेळा आणि नेपाफेनॅक तीन वेळा. सकाळी आठला तिन्ही एकदम येतात. काल एकापाठोपाठ एक टाकले तर निम्मं औषध गालावर. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर भराभर सांगून गेल्या, "गॅप ठेवा" एवढंच लक्षात राहिलं. किती गॅप?
दुसरं असं, की तीन महिन्यांपूर्वी डावा डोळा झाला, तेव्हाची मॉक्सीची बाटली अर्धी शिल्लक आहे. औषध तेच, एक्सपायरी पुढच्या वर्षीची. ती संपवून मग नवी फोडली तर?

पेणकर
गॅपबिप काही नाही हो. आमच्या बाबांना तिन्ही लागोपाठ टाकायचो, ठणठणीत झाले. बाहेर येतंय म्हणून दोन-दोन थेंब टाकायचे, म्हणजे हिशेब बरोबर. जुनी बाटली फ्रिजमध्ये ठेवली असेल तर एक्सपायरीपर्यंत बिनधास्त वापरा.

मेडिकलवाला_सातारा
पेणकर, दोन थेंबांनी हिशेब बरोबर होत नाही, बाटली लवकर संपते एवढंच. एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या आत फार तर ३० मावतं. म्हणजे पहिल्याच थेंबाला डोळा भरला. लगेच दुसरं औषध टाकलं की ते पहिल्याला धुऊन बाहेर काढतं. बाबा बरे झाले हे छानच, पण म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.
रुचिराताई, दोन औषधांत कमीत कमी पाच मिनिटं, जमलं तर दहा. आठला मॉक्सी, आठ दहाला प्रेडनिसोलोन, आठ वीसला नेपाफेनॅक. प्रेडनिसोलोनची बाटली दुधासारखी दिसत असेल तर औषधाचे कण तळाशी बसलेले असतात, चांगली हलवल्याशिवाय टाकू नका. न हलवता टाकलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि बाटलीच्या शेवटी घट्ट औषध. नेपाफेनॅकचंही तसंच. मॉक्सी पारदर्शक असते, ती हलवायची गरज नाही. पुढे मलम दिलं तर ते सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या चिकट थरातून थेंब आत जात नाहीत.
डॉक्टरांनी क्रम वेगळा लिहिला असेल तर त्यांचाच पाळा.

रुचिरा_एम
आणि जुन्या बाटलीचं?

मेडिकलवाला_सातारा
टाकून द्या. खोक्यावरची एक्सपायरी सीलबंद बाटलीची असते. सील फुटलं की बहुतेक ड्रॉप्सना एक महिनाच, काहींना त्याहूनही कमी, ते लेबलवर बारीक अक्षरात असतं. प्रत्येक वेळी झाकण काढलं की तोंडाशी हवा, बोट, कधी पापणीचे केस. प्रिझर्व्हेटिव्ह असलं तरी त्याला मर्यादा आहे, आणि ताजी जखम असलेल्या डोळ्यात तीन महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली मी तरी कुणाला टाकू देणार नाही. फ्रिजबद्दल पेणकर अर्धे बरोबर आहेत. काही ड्रॉप्स थंडच ठेवावे लागतात, पण त्याने उघडल्यानंतरची मुदत वाढते असं नाही.
नवी बाटली फोडाल तेव्हा पेनाने तारीख लेबलवर घाला. खोक्यावर नको, खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं.

मृण्मयी_ओटी
फोडण्यावरून आठवलं. काही बाटल्यांच्या टोपणाच्या आतच टोक असतं. टोपण घट्ट पिळलं की तोंडाला भोक पडतं. लोक सेफ्टी पिनने किंवा ब्लेडने तोंड कापतात. भोक मोठं झालं की थेंब मोठा पडतो, शिवाय पिनेवरचे जंतू सरळ आत. आणि सीलची प्लास्टिकची कडी गळ्यात सैल लटकत असेल तर काढून टाका, उलटी धरल्यावर ती डोळ्यात पडू शकते.
टाकायची रीत: आईंना सरळ उशीवर झोपवा. साबणाने हात धुऊन स्वच्छ टॉवेलला पुसा, पदराला नको. मिरच्या चिरल्या असतील तर दोनदा धुवा, नखांसकट. खालची पापणी गालाच्या हाडावर बोट टेकवून हलकेच खाली ओढा, म्हणजे पन्हाळीसारखी जागा होते, त्यात थेंब. नोझल डोळ्याला किंवा पापणीला लागता कामा नये. लागलंच तर धुऊन पुसत बसू नका, ती बाटली बदला. मग दोन मिनिटं डोळे मिटून पडू द्या, उघडझाप नको. ओघळलेलं कापसाने टिपा, चोळू नका. शेवटी परत हात धुवा.

पेणकर
डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबायचा असतो ना? काचबिंदूच्या ड्रॉप्सला आम्हाला तसं सांगितलंय.

मृण्मयी_ओटी
बरोबर सांगितलंय. तसं न दाबता टाकलं की औषध अश्रूंच्या वाटेने नाकात, घशात उतरतं आणि रक्तातही जातं. टिमोलॉलसारख्या ड्रॉप्समध्ये दम्याच्या आणि हृदयाच्या पेशंटला ते बाधू शकतं. पण ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेत, त्या डोळ्याजवळ दाब नको. नुसतं मिटून पडणं पुरे. कोपरा दाबायचा का, ते पुढच्या तपासणीत विचारा.

नाना_डोंबिवली
माझ्या कानातही ड्रॉप्स टाकायचेत, मळ सुटायचे. टाकले की घर फिरतं. हेच नियम का?

मेडिकलवाला_सातारा
नाना, हात धुणं, नोझल न टेकवणं, तारीख लिहिणं हे सगळं तेच. बाकी निराळं. घर फिरतं ते बहुधा थेंब गार असल्यामुळे. कानात शरीरापेक्षा थंड द्रव गेला की तोल सांभाळणारा भाग चाळवतो. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा, गरम पाण्यात बुडवू नका. कुशीवर झोपा, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, थेंब टाका आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. नातवाला टाकताना, तो तीन वर्षांच्या आतला असेल तर पाळी खाली आणि मागे.
पडद्याला छिद्र असेल, कानातून पाणी किंवा पू येत असेल, तर मळाचे थेंब घालायचे नाहीत, कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवा. कोमट बाटलीनेही चक्कर येतच राहिली तरी तेच. आणि ती बाटली डोळ्यांच्या बाटल्यांच्या डब्यात ठेवू नका. मळाचा थेंब चुकून डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठायचा.

नाना_डोंबिवली
आमच्याकडे लसणाचं तेल...

मृण्मयी_ओटी
नको नाना.

रुचिरा_एम
आज मोबाईलवर गजर लावले: आठ, आठ दहा, आठ वीस. टोपणं सारखीच दिसतात म्हणून लेबलवर १, २, ३ लिहिलंय. गालावर अगदी थोडं आलं. नेपाफेनॅकने मात्र चुरचुरतं म्हणते. आणि दुपारचा प्रेडनिसोलोन राहिला, आता चारला टाकू की संध्याकाळी दोन?

मेडिकलवाला_सातारा
आता एकच टाका, मग नेहमीच्या वेळा. दोन थेंब एकदम कधीच नाहीत. थोडी चुरचुर चालते. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, पू दिसला किंवा आधीपेक्षा अंधुक दिसू लागलं तर उद्याची वाट न पाहता आजच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, ते मनाने थांबवूही नका आणि जास्त दिवस चालूही ठेवू नका, डोळ्यातला दाब चढतो.

पेणकर
काचबिंदूची बाटली महाग पडते आणि महिन्यात निम्मी उरते. तीही टाकायची? आमच्या डॉक्टरांनी सहा आठवडे म्हटलं होतं.

मेडिकलवाला_सातारा
काही ब्रँडना लेबलवरच तसं असतं. तुमची कुठली, ते लिहा, मग बघू.