व्हेंडरचं ऑडिट: करारातला हक्क वापरायचा, की सॉक टू रिपोर्टवर भागवायचं?

सांगलीकर_आयटी
आमची नागरी सहकारी बँक आहे, ४१ शाखा, टियर ३. सीबीएस, म्हणजे बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर, व्हेंडरच्या सर्व्हरवर चालतं. करारात राइट टू ऑडिटचा क्लॉज आहे पण सहा वर्षांत एकदाही वापरला नाही. यंदा ऑडिट कमिटीने विचारलं म्हणून व्हेंडरला मेल टाकला, तर त्यांनी सॉक टू टाइप टू, म्हणजे त्यांच्याच नेमलेल्या ऑडिटरने ठरावीक कालावधीचं काम तपासून दिलेला रिपोर्ट पाठवला आणि म्हणाले सगळ्या बँका यावरच भागवतात. जावं का? गेलो तर तपासायचं काय आणि रिपोर्ट लिहायचा कसा?

घाटमाथा
जाऊ नका, सरळ सांगतो. आरबीआयच्या एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या मास्टर डायरेक्शनमध्येच लिहिलंय की जागतिक मान्यतेचं सर्टिफिकेट असेल तर स्वतंत्र ऑडिटच्या ऐवजी ते चालतं. मग दोन माणसं, तीन दिवस, हॉटेल, गाडी हा खर्च कशाला? व्हेंडरकडे आयएसओ २७००१ पण असणारच. दोन्ही कागद फाइलला लावा, कमिटीपुढे ठेवा, झालं. आमच्याकडे असंच चालतं आणि इन्स्पेक्शनला कुणी हरकत घेतली नाही अजून.

हिशोबनीस
घाटमाथा, तुम्ही वाक्य अर्धंच सांगितलंत. जोखीम बघून सर्टिफिकेटवर विसंबता येतं हे बरोबर, पण त्याला लागूनच असं म्हटलंय की त्याने बँकेची जबाबदारी सुटत नाही. आणि व्हेंडरच्या पोटकंत्राटदारासकट ऑडिटचा हक्क करारात हवाच, असंही तिथेच आहे.

सांगलीकर, आधी तो सॉक टू रिपोर्ट वाचा, नुसता फाइलला लावू नका. तीन ठिकाणी बोट ठेवा. एक, कालावधी कुठे संपतो. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल तो काहीच बोलत नाही. दोन, डेटा सेंटर कुणाचं. बरेचदा जागा भाड्याची असते आणि ते सेंटर तपासणीतून वगळलेलं असतं, ते एका परिच्छेदात लिहिलेलं असतं आणि वाचणारा तो ओलांडून जातो. तीन, त्यात ग्राहकाने स्वतः काय काय करायचं याची यादी असते. म्हणजे तुमचा माणूस नोकरी सोडून गेला तर तुम्ही व्हेंडरला कळवायचं, वगैरे. ते तुम्ही करत नसाल तर रिपोर्ट कितीही चांगला असो, तुमच्यापुरता तो लागू नाही.

एवढं वाचून जे प्रश्न उरतील तेवढ्यासाठीच क्लॉज वापरायचा. सगळं तपासायला गेलात तर तीन दिवस पॉलिसी वाचण्यातच जातात.

रात्रपाळी
मी व्हेंडरच्या बाजूने बोलतो, सात वर्षं सीबीएस सपोर्टला आहे. तुम्ही एकटे येता तेव्हा ते छोटं वाटतं, पण आमच्याकडे शंभराच्या वर बँका आहेत आणि प्रत्येकीला जानेवारी ते मार्चमध्येच यायचं असतं, प्रत्येकीची एक्सेल वेगळी, प्रश्न तेच. डेटाबेस सांभाळणारा जो डीबीए रात्री तुमचा इओडी, म्हणजे दिवसअखेरचं काम, अडकला की उठतो तोच दिवसा तुमच्या ऑडिटरसमोर बसतो. शिवाय एकाच सर्व्हरवर चार बँका असतात, एकीला लॉग दाखवायचे तर दुसरीचे दिसतात, ती गुप्तता कोण सांभाळणार? त्याच डायरेक्शनमध्ये पूल्ड ऑडिटची सोय आहे, चारपाच बँकांनी मिळून एक ऑडिटर नेमा, आम्ही मनापासून सहकार्य करू. सगळ्यांनी वेगवेगळं येणं हा फक्त कागद वाढवायचा प्रकार आहे.

चाकणची_वाघीण
मी आयटीतली नाही, आमच्या कारखान्यात कंत्राटी कामगारांच्या ठेकेदारांचं ऑडिट करते, विषय वेगळा असेल तर माफ करा. आमच्याही करारात रजिस्टर तपासायचा हक्क आहे. ठेकेदार दर महिन्याला पीएफचं चलन देतो, शिक्का बरोबर, रक्कम भरलेली. आम्ही वर्षभर तेच बघत होतो. मग एकदा आमच्या गेटवरच्या हजेरीतली नावं काढून चलनासोबतच्या यादीला लावली, तर आमच्याकडे रोज येणारी अकरा माणसं त्या यादीतच नव्हती. चलन खोटं नव्हतं, त्याच्या सगळ्या साइट्सचं मिळून एकच होतं, फक्त आमची माणसं त्यात पूर्ण नव्हती. तेव्हापासून मी यादी कधी ठेकेदाराकडून घेत नाही, गेटवरून घेते.

हिशोबनीस
ताई, विषय अजिबात वेगळा नाही, हेच सांगायला बसलो होतो. गेल्या वर्षी एका बँकेसाठी केलेलं काम सांगतो, नावं सोडून.

क्लॉज असा होता: १५ दिवसांची लेखी नोटीस, वर्षातून एकदा, ऑफिसच्या वेळेत, खर्च बँकेचा. आम्ही स्कोप एकाच प्रश्नाचा ठेवला: आपल्या डेटाबेसमध्ये व्हेंडरचा कोण माणूस हात घालू शकतो, आणि घातला तर आपल्याला कळतं का. कालावधी १ एप्रिल ते ३१ डिसेंबर. नोटिशीतच नऊ ओळींची मागणी यादी जोडली, आणि कोणत्या दिवशी कोण समोर बसेल तेही लिहिलं.

पहिल्या दिवशी व्हेंडरने एक्सेल दिली, २३ युजर आयडी, प्रत्येकापुढे मंजुरी. एकदम स्वच्छ. फाइलची तारीख बघितली तर आदल्या रात्रीची. मी काही बोललो नाही, डीबीएला म्हटलं आमच्यासमोर चालवा:

```
select name from v$database;
select username, account_status, created
from dba_users order by created;
```

पहिली ओळ सोडायची नाही. नाहीतर टेस्ट डेटाबेसची यादी समोर येते आणि आपण खूश होऊन परत येतो. ऑरॅकलची स्वतःची खाती वगळून ३१ आयडी निघाले. आठ जास्त. त्यातले पाच लॉक होते. तीन चालू: दोन नोकरी सोडलेल्या माणसांचे, त्यातला एक जूनमध्ये गेलेला, आणि एक सामाईक आयडी, ज्याचा पासवर्ड शिफ्टमधल्या सहा जणांना माहीत.

मग ताईंचं गेट. बँकेच्या बाजूचं गेट म्हणजे शाखांनी पाठवलेली बॅकएंड करेक्शनची, म्हणजे थेट डेटाबेसमध्ये करायच्या दुरुस्तीची पत्रं, ती बँकेच्या स्वतःच्या रजिस्टरला होती, ११२. व्हेंडरचा जंप सर्व्हर म्हणजे ज्या मशीनमधून त्यांची माणसं आमच्या डेटाबेसमध्ये शिरतात ते, तिथून आमच्या डेटाबेसला झालेली लॉगिन्स १४०. उरलेल्या २८ मधली २५ पॅच आणि अडकलेल्या इओडीची निघाली, तिकीट नंबरसकट. तीनचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

सॉक टू रिपोर्टमध्ये हे दिसलं नसतं, आणि तो रिपोर्ट खोटा होता असंही नाही. त्यांच्या ऑडिटरने सगळ्या ग्राहकांतून नमुना घेतला होता, ही बँक त्यात आलीच नव्हती.

घाटमाथा
तीन लॉगिन्ससाठी एवढं? पैसे गेले का?

हिशोबनीस
माहीत नाही, आणि रिपोर्टमध्ये भांडण झालं ते याच मुद्द्यावर. ड्राफ्ट आम्ही व्हेंडरला सात दिवस दिला, फक्त वस्तुस्थिती तपासायला. त्यांनी एक वाक्य बदलून मागितलं: "गैरवापर आढळला नाही." मी नकार दिला. डेटाबेसमधल्या सेशनचे लॉग ९० दिवसच ठेवलेले होते, जूनमध्ये गेलेल्या माणसाचा आयडी त्याआधी वापरला गेला का हे कुणीच सांगू शकत नव्हतं. शेवटी असं लिहिलं की लॉग ९० दिवसांपुरतेच असल्याने वापर झाला की नाही हे ठरवता आलं नाही, आणि व्हेंडरचं म्हणणं त्याखाली त्यांच्याच शब्दांत जसंच्या तसं छापलं. सांगलीकर, हा फरक सांभाळा. ड्राफ्टवर व्हेंडरने पुरावा दिला तर आकडा बदलायचा, नुसतं मत दिलं तर ते उत्तराच्या रकान्यात जातं.

रात्रपाळी
हे प्रामाणिकपणे मान्य करतो, सामाईक आयडी आमच्याकडेही आहेत. रात्री दोनला माणूस बदलला की स्वतंत्र आयडीची मंजुरी कोण देणार, म्हणून ते सुरू झालं. पण १४० वजा ११२ हा हिशोब मला पटत नाही. आम्ही कित्येकदा शाखा मॅनेजरच्या फोनवर करेक्शन करतो, पत्र नंतर येतं किंवा येतच नाही. तो दोष बँकेचा, आणि रिपोर्टमध्ये नाव आमचं लागतं.

हिशोबनीस
दोष बँकेचाही, मान्य. त्या रिपोर्टमध्ये पाचपैकी दोन मुद्दे बँकेच्या आयटी विभागावर होते, फोनवरची करेक्शन त्यातलीच एक. व्हेंडर ऑडिट म्हणून गेलं की सगळं खापर व्हेंडरवर फोडायचं असं नसतं. पण फोनवर डेटाबेसमध्ये हात घालणं तुम्हीही बंद करायला हवं राव, उद्या तुमच्याच मुलावर आळ येईल.

पूल्ड ऑडिटबद्दल: डेटा सेंटर, बॅकअप, पॅच, या सामाईक गोष्टींना ते उत्तमच आहे. माझ्या बँकेचे आयडी आणि माझी पत्रं यांचा मेळ मात्र दुसरी बँक घालू शकत नाही.

सांगलीकर_आयटी
खूप उपयोग झाला. दोन शंका. त्या ऑडिटनंतर सुधारणा झाल्या का? आणि आमचंही डेटा सेंटर तिसऱ्या कंपनीचं आहे, करारात "व्हेंडर" एवढाच शब्द आहे, पोटकंत्राटदार नाही. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज कंपनीला रॅन्समवेअरमुळे पेमेंट सिस्टिमपासून तात्पुरतं तोडलं होतं, तेव्हा कितीतरी लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय बंद झालं. आमचा व्हेंडर वेगळा, पण तेव्हापासून चेअरमन साहेब विचारतात, आपल्या व्हेंडरच्या मागे कोण आहे.

हिशोबनीस
तिथे आमची चूक झाली, ती तुम्ही करू नका. ६० दिवसांनी व्हेंडरने स्क्रीनशॉट पाठवला, आयडी बंद केल्याचा. त्यावर ना तारीख, ना डेटाबेसचं नाव. परत येतो म्हटलं तर त्यांनी क्लॉज दाखवला, वर्षातून एकदा. शेवटी विनवण्या करून व्हिडिओ कॉलवर तीच क्वेरी चालवून घेतली, दोन आयडी गेले होते, सामाईक आयडी तसाच होता. म्हणून नोटिशीतच लिहा की मुद्द्यांची फेरतपासणी हा याच ऑडिटचा भाग आहे, वेगळी भेट धरली जाणार नाही. दुरुस्ती न झाल्यास काय, हेही बहुतेक जुन्या करारांत नसतं, ते रिन्यूअलला घालून घ्या.

पोटकंत्राटदाराचं म्हणाल तर तुमच्या शब्दांवर डेटा सेंटरच्या दारात तुम्हाला उभं करणार नाहीत. व्हेंडर आणि डेटा सेंटर यांच्यातल्या करारात व्हेंडरला ऑडिटचा हक्क आहे का ते विचारा, असेल तर व्हेंडरसोबत त्यांच्या हक्काने जा.

रात्रपाळी
तो करार कुठलाही व्हेंडर दाखवणार नाही, त्यात दर असतात.

हिशोबनीस
दर झाकून तेवढं पान दाखवा, मी दोनदा बघितलंय. एकदा नाहीही मिळालं, आणि तेव्हा स्कोपच्या पानावर "तपासता आलं नाही" असं लिहून कमिटीपुढे ठेवलं. कमिटीने काय ठरवायचं ते ठरवलं.

चाकणची_वाघीण
सांगलीकर दादा, नोटीस पाठवण्याआधी तुमची पत्रं आधी मोजा. आमच्या गेटच्या रजिस्टरलाच पहिल्या वर्षी चार महिन्यांची पानं नव्हती, ठेकेदाराला काय विचारणार होतो.

सांगलीकर_आयटी
ताई, आत्ताच शाखांना मेल टाकला. १७ शाखांचं उत्तर आलं, त्यातल्या सहा म्हणतात आम्ही फोनवरच सांगतो.