खेळून आलं की अकराच्या सुमारास डोकं धरतं, फळ्यावर चुका होतात. पाणी कमी पडतंय का? (इंदूर)

शाळेतली_ताई
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. वय ४१, राहते सुदामा नगरात, एका खासगी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. नोव्हेंबरपासून मंगळ, गुरू, शनि असे तीन दिवस सकाळी पावणेसहा ते सात बॅडमिंटन खेळते. थंडीत काहीच त्रास नव्हता. मार्चच्या मध्यापासून मात्र खेळाच्या दिवशी अकरा वाजता दोन्ही कानशिलांवर पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागतं, ते घरी येऊन झोपेपर्यंत राहतं. न खेळण्याच्या दिवशी नाही.

दुखण्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. परवा नववीत (2x − 3)² फळ्यावर सोडवताना मी सरळ 4x² − 9 लिहिलं. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅम, मधलं पद?" आणि मी फळ्याकडे बघत उभी राहिले, चूक दिसेचना. वीस वर्षं शिकवतेय, हे कधी झालं नव्हतं.

डोळ्यांचा नंबर जानेवारीत तपासला, बदललेला नाही. बीपी ११८/७६. उठल्यावर अर्धा कप चहा, खेळताना दोन-चार घोट पाणी, घरी आल्यावर पुन्हा चहा आणि पोहे. शाळेत पाणी पीत नाही, हे मोकळेपणाने सांगते. बायकांचं टॉयलेट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, तिथे निम्म्या वेळा नळाला पाणी नसतं, आणि माझे चार तास सलग. बाटली भरलेली नेते आणि तशीच परत आणते. हे पाण्याचं असेल का? असेल तर टॉयलेटची अडचण सांभाळून काय करता येईल?

रामबागचे_काका
ताई, शंभर टक्के पाण्याचंच. मी तीस वर्षं पहाटे उठल्याबरोबर दीड लिटर पाणी एका बैठकीत पितो, दिवसाचं पाच लिटर. डोकेदुखी माहीत नाही. तुम्हीही उद्यापासून सुरू करा.

पोहे_जिलेबी
पाण्याने काय होणार, अंगात ताकद यायला पाहिजे. खेळून आल्यावर एक ग्लास शिकंजी घ्या, सगळा थकवा जाईल.

नर्मदाकाठ
भिया, आपल्या इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर आणि सुकामेवा. ती पोटभर खाणं झाली, तहान भागत नाही. तुम्ही लिंबाची म्हणत असाल तर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी चालेल.

मैदानावरचा_फिजिओ
ताई, मी खेळाडूंबरोबर काम करतो. तुमचं वर्णन पाण्याकडेच बोट दाखवतंय, पण अंदाजावर जाऊ नका. घरात वजनकाटा असेल तर गुरुवारी एवढं करा. खेळायला निघण्याआधी लघवी करून अगदी कमी कपड्यांत वजन घ्या. परत आल्यावर अंग नीट पुसून, घामाचे कपडे काढून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा घ्या. मधल्या वेळात किती पाणी प्यायलात तेही लिहून ठेवा. सव्वा तासात चरबी वितळून काट्यावर दिसत नाही. कमी झालं ते जवळजवळ सगळं पाणी असतं, एक किलो म्हणजे एक लिटर.

आणखी एक सांगा, हॉलमध्ये पंखे चालू असतात का?

शाळेतली_ताई
पंखे बंद असतात आणि खिडक्याही, नाहीतर शटल वाऱ्याने भरकटतं.

गुरुवारचे आकडे: जाण्याआधी ६१.४ किलो, आल्यावर ६०.५. मध्ये प्यायलेलं पाणी २०० मिली. माझा काळा टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर आणि बगलेपाशी पांढऱ्या रेघा दिसल्या, त्या आधी कधी लक्षात आल्या नव्हत्या. अकराला डोकं दुखलंच.

मैदानावरचा_फिजिओ
छान मोजलंत. काट्यावर ९०० ग्रॅम कमी, त्यात प्यायलेले २०० मिळवा. सव्वा तासात घाम गेला १.१ लिटर आणि तूट राहिली ९०० मिलीची. तुमच्या वजनाच्या ती दीड टक्का होते. २०१२ साली अमेरिकेत तरुण स्त्रियांवर एक अभ्यास झाला होता. त्यात वजनाच्या १.३६ टक्के पाणी गेल्यावर डोकं दुखणं, काम जड वाटणं, मन न लागणं हे सगळं दिसलं होतं. गंमत म्हणजे बुद्धीच्या बहुतेक चाचण्यांतले गुण मात्र पडले नव्हते. म्हणून मधलं पद गळण्याचा सगळा दोष पाण्यावर टाकणार नाही. डोकं दुखत असताना चार तास उभं राहून शिकवलं तरी तेवढं होऊ शकतं.

दीड टक्का हा फक्त खेळातला हिशोब आहे. रात्रभर पाणी न पिता तुम्ही आधीच थोड्या कोरड्या उठता, आणि खेळानंतर दुपारी दोनपर्यंत ती तूट भरत नाही. थंडीत घाम कमी येत होता म्हणून निभावलं. आपल्याकडची एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की हॉलबाहेर आल्यावर घाम दिसायच्या आधीच उडून जातो, त्यामुळे माणसाला आपण किती गमावलं ते कळत नाही. टी-शर्टावरच्या रेघा म्हणजे त्या घामातलं मीठ.

आता टॉयलेटचं. नुसतं पाणी एकदम ढोसलं की रक्त जरा पातळ होतं, शरीराला ते जास्तीचं वाटतं आणि मूत्रपिंडं तासाभरात बाहेर काढून टाकतात. तूट भरत नाही आणि टॉयलेटला मात्र पळावं लागतं. काकांची सकाळी उठून पाणी प्यायची सवय चांगली आहे, पण दीड लिटर एका दमात तुमच्या कामाचं नाही. थोडं थोडं आणि मिठासोबत घेतलेलं पाणी अंगात टिकतं.

उठल्यावर साधारण दोन ग्लास, ३५०-४०० मिली, दहा मिनिटांत सावकाश. खेळताना प्रत्येक गेमनंतर चार-पाच मोठे घोट, पूर्ण वेळेत ५०० मिलीपर्यंत. म्हणजे १.१ लिटर घामातले ५०० भरले, ६०० ची तूट राहिली. नंतरही थोडा घाम आणि लघवी जाणारच, म्हणून तुटीच्या दीडपट, अंदाजे ९०० मिली भरून काढायचं. त्यातलं ६०० घरीच, सव्वासातच्या आत: एक मोठा ग्लास मीठ घातलेलं ताक, बाकी पाणी, आणि पोहे आहेतच. पावणेआठला टॉयलेटला जाऊन मग निघा. उरलेलं ३०० शाळेत तासांच्या मध्ये दोन-दोन घोट. असं घेतलंत तर एकदा मधल्या सुट्टीत जाऊन भागावं.

अनुजा_ग
माझ्या वडिलांचं वय ७२ आहे, रोज मेघदूत बागेत फिरतात, त्यांचंही डोकं दुखतं. हृदयाचं पंपिंग कमी आहे, पाण्याची गोळी चालू आहे. त्यांनाही हेच प्रमाण देऊ का?

मैदानावरचा_फिजिओ
नको ताई, त्यांना हे अजिबात देऊ नका. पंपिंग कमी असताना पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टरांनी ठरवून दिलेलं तेवढंच. डोकं दुखतंय हे त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा.

रामबागचे_काका
मग माझे पाच लिटर जास्त का? लघवी तर पाण्यासारखी स्वच्छ होते.

मैदानावरचा_फिजिओ
काका, फिकट लिंबाच्या सरबतासारखा रंग पुरेसा आहे. अगदी रंगहीन आणि सारखं जावं लागत असेल तर गरजेपेक्षा जास्त चाललंय. तुम्हाला त्रास नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, पण एका दमात दीड लिटर तेवढं सोडा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पाणी पीत राहून वजन वाढलेले लोक मी पाहिलेत. रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि ते "पाणी कमी पडलं" म्हणून आणखी पितात. म्हणून काटा दोन्ही बाजूंनी उपयोगी. खेळून आल्यावर वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर पाणी कमी करायचं.

धावतो_ग्वाल्हेर
रंगावरून मी एकदा फसलो होतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू होत्या, लघवी पिवळीजर्द, आणि मी पाणी वाढवत बसलो. गोळी घेत असाल तर काही तास रंग बघू नका.

ताई, चहाचंही बघा. खेळ नसलेल्या दिवशी तुम्ही किती चहा घेता? मी धावायच्या दिवशी चहा सोडायचो तेव्हा अशीच डोकेदुखी व्हायची, ती पाण्याने गेली नाही, चहाने गेली.

शाळेतली_ताई
खरंच, याचा विचारच केला नव्हता. इतर दिवशी साडेसातच्या आत दोन पूर्ण कप होतात. खेळाच्या दिवशी आधी अर्धा आणि नंतर घाईत अर्धाच.

मैदानावरचा_फिजिओ
मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडून सुटला होता. पण दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. दोन आठवडे फक्त पाणी, मग चहा. आणि एक लक्षात असू द्या: खेळता खेळता अचानक, घाव घातल्यासारखं डोकं दुखलं, किंवा सोबत उलट्या, बोलण्यात जडपणा, एका हाताची ताकद कमी असं काही झालं, तर वजनकाटा बाजूला ठेवून थेट दवाखाना.

शाळेतली_ताई
दोन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला, माफ करा.

सहा वेळा खेळले. आता खेळून आल्यावर वजन ५०० ते ६०० ग्रॅमनेच कमी भरतं. मंगळवार आणि गुरुवार, चारही वेळा डोकं दुखलं नाही. पहिल्या मंगळवारी ताक संपलं होतं म्हणून नुसतं पाणी एकदम प्यायले, आणि पहिल्या तासालाच वर्ग सोडून जावं लागलं. ताक घेतलं त्या दिवशी सुट्टीपर्यंत निभावलं. फिजिओदादा, हा फरक मला इतका स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी मात्र दोन्ही वेळा अकरालाच दुखलं, आधीपेक्षा कमी, पण दुखलं. पाणी तेवढंच, ताकही तेच. शनिवारी शाळा उशिरा असते, म्हणून आम्ही अर्धा तास जास्त खेळतो आणि दुसरा चहा थेट दहाला होतो.

मैदानावरचा_फिजिओ
अर्ध्या तासात आणखी ४०० मिलीच्या आसपास घाम जातो, आणि चहाही लांबतो. दोन्हीपैकी कुठलंही असू शकतं. शनिवारचं वजन घेतलंत का?

शाळेतली_ताई
नाही, शनिवारी घाईत राहिलं. मंगळवार-गुरुवारचंच घेतलं होतं. या शनिवारी वजन घेते, पाणी तेच ठेवून चहा नेहमीच्या वेळेला घेते, आणि इथेच लिहिते. शाळेतल्या नळाबद्दल मी आणि आणखी दोन शिक्षिकांनी मिळून मुख्याध्यापिकांना पत्र दिलंय, अजून उत्तर नाही. त्या दोघीही दिवसभर पाणी पीत नाहीत, हे पत्र लिहिताना कळलं.