मदत हवी आहे: तासाच्या बारवर सुपरट्रेंड सारखा पलटतो, रूटीन कसं थांबवू?

माझं ऑटोमेटेड रूटीन तासाच्या बारवर सुपरट्रेंड (१०, ३) वापरतं. प्रत्येक पलटीला जुना सौदा बंद करून उलटा उघडतं. ट्रेंडमध्ये ठीक चालतं, पण साइडवेजमध्ये ओळीने तोटे होतात.

उदाहरण बघा. एटीआर ४, म्हणजे बँड बारच्या मध्यापासून १२ पॉइंटवर. मध्य १००३ ला तळ करतो, वरचा बँड १०१५. क्लोज १०१६, खरेदी. मध्य १०२१ पर्यंत जाऊन वळतो, खालचा बँड १००९. क्लोज १००८, विक्री. ८ पॉइंट गेले, शिवाय खर्च. मग तेच उलट्या बाजूने.

म्हणजे हेलकावा १२ हून मोठा पण २४ हून लहान असला की प्रत्येक पलटी तोट्याचीच. मल्टिप्लायर ४ केला तर बँड १६ वर जातो. १८ चा हेलकावा तोही ओलांडतो, आणि तोटा उलट वाढतो!

एडीएक्स २० च्या खाली असताना नवा सौदा टाळून पाहिला, पण तो उशिरा वर येतो आणि खऱ्या ट्रेंडची सुरुवात हुकते. आता विचार असा, की लागोपाठ दोन पलट्या तोट्यात गेल्या तर पुढच्या पलटीला फक्त बाहेर पडायचं आणि रेंजबाहेर क्लोज मिळेपर्यंत थांबायचं. असं कुणी चालवलंय का? रेंजची हद्द तुम्ही कशी ठरवता?