जादा पगाराच्या वसुलीची नोटीस: ‘वसुली’ हा शब्द ठेवायचा की नाही?

अंबड_एचआर: ओव्हरटाइमची शीट दोनदा चढल्यामुळे काही कामगारांना जास्त पगार गेला. चार हप्त्यांत परत घ्यायचा आहे. मसुदा असा: ‘आपणांस जादा वेतन अदा झाले असून सदर रक्कम वसूल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ लोक घाबरू नयेत म्हणून काय बदलू?

सातपूर_पेरोल: घाबरवतंय ते ‘सदर रक्कम’. आकडा नसला की माणूस मोठ्यात मोठा आकडा धरतो. पहिलंच वाक्य चूक कोणाची ते सांगणारं हवं:

‘ओव्हरटाइम दोनदा मोजला गेला, ही आमच्या विभागाची चूक आहे. तुमच्या खात्यात 6,352 रुपये जास्त आले. पुढच्या पगारापासून दरमहा 1,588 रुपये, असे चार महिने वळते होतील. मूळ पगार आणि दर तोच राहील.’

शीटवर 6,400 असले तरी ईएसआयचे 0.75 टक्के, म्हणजे 48 रुपये, आधीच कापले गेलेत. 6,400 मागितलेत तर पासबुक घेऊन पहिला माणूस दारात उभा राहील. हातात पडलं तेवढंच मागा. 48 चा हिशेब कंपनीने बघायचा. आणि नोटीस पाकिटातून द्या. बोर्डावर नावं लावली की माणूस चोर ठरतो.

गोदाकाठ: मुळात वसुली करताच येत नाही! सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच सांगितलंय.

सातपूर_पेरोल: तो रफीक मसीह निकाल सरकारी कर्मचाऱ्यांचा, तोही वर्ग 3 आणि 4, निवृत्त वगैरे ठरावीक प्रसंगांपुरता. खाजगी कारखान्यात वेतन संहितेचं कलम 18 लागतं. जादा दिलेलं वेतन कापता येतं, फक्त सगळ्या कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांवर जायला नकोत. सोसायटीचा हप्ता आधीच मोठा असेल त्याला चारऐवजी आठ हप्ते द्या.

देवळाली_७: उचल घेतली ती फेडायलाच हवी, एवढं काय लिहायचं?

अंबड_एचआर: उचल नाही, त्यांनी मागितलीच नव्हती.

युनियन_नाशिकरोड: ‘वळते होतील’ला माझा ठाम विरोध. गोड शब्दाखाली कपात लपवली की पगारपत्रकावर ‘रिकव्हरी’ दिसताच संशय दुप्पट होतो. सरळ ‘कापले जातील’ लिहा आणि पत्रकातही तोच शब्द ठेवा. शिवाय हिशेब चुकीचा वाटला तर कोणाकडे, किती दिवसांत यायचं ते लिहा. तक्रार मिटेपर्यंत त्या माणसाचा हप्ता थांबवा.

सातपूर_पेरोल: ‘कापले जातील’ मान्य, शब्द दोन्हीकडे एकच हवा. तक्रारीला सात दिवस पुरेत. पण सगळ्यांचे हप्ते थांबवले तर वर्ष उलटून आयकराचा घोळ होतो.

युनियन_नाशिकरोड: सगळ्यांचे नाही म्हणत, हरकत घेणाऱ्याचेच. आणि दिवाळीचा महिना मधे येत असेल तर तो हप्ता पुढे ढकला.

अंबड_एचआर: दिवाळीचं मालकांना विचारते. पाकिटावर पोच म्हणून सही घ्यायची की संमती म्हणून?

युनियन_नाशिकरोड: फक्त पोच. संमतीची ओळ दिसली की कोणी सही करणार नाही.

सातपूर_पेरोल: इथे पटत नाही. हप्त्यांच्या तक्त्याखाली संमती असलेली बरी, निदान आठ हप्ते मागणाऱ्याची.