मदत हवी: ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून गिऱ्हाईकानं स्क्रीनशॉट टाकलाय, काय मेसेज करू?

परभणी_बॅटरी: इन्व्हर्टर बॅटरीचं दुकान आहे. एक सर आहेत, जुनं गिऱ्हाईक, त्यांना १५० एएचची ट्युब्युलर १५५०० सांगितली तर रात्री ऑनलाइनचा स्क्रीनशॉट आला, सेम बॅटरी १३२००, आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह. राग तर लई आला पण सरांना दुखवायचं नाही. रेट पण कमी होत नाही. लवकर सांगा, सकाळपासून मेसेज बघून ठेवलाय, उत्तर दिलं नाही.

बीडकर_भाऊ: सरळ लिहा की ऑनलाइनवाला डुप्लिकेट माल देतो. विषय संपला.

सर्विसवाला: असलं काही लिहू नका. माल ओरिजनल निघाला आन बिल दाखवलं तर तुम्हीच खोटे पडताल. आधी हे सांगा, मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर सेम आहे का? एकाच कंपनीची १५० एएच वेगवेगळ्या वॉरंटीत येते, रेट तिथंच फिरतो. आणि १५५०० मधी फिटिंग आहे का, जुनी बॅटरी कोण घेणार?

परभणी_बॅटरी: मॉडेल सेमच आहे, वॉरंटी पण, ३६ महिने बदलून आणि पुढचे २४ महिने नव्यावर सूट. फिटिंग धरूनच सांगितलंय. जुनी तर घेतोच की, ३५०० ला, ते काय सांगायचं, सगळ्यांनाच माहितीय.

सर्विसवाला: अहो तेच तर सांगायचं होतं! सरांनी १५५०० आन १३२०० शेजारी ठेवून बघितलं. तुमच्याकडं खिशातून १२००० च जाणार.

लातूरचा_मास्तर: मी गिऱ्हाईकाच्या बाजूनं बोलतो. जुनी बॅटरी भंगारवाला पण घेतो, आमच्याकडं २८०० देत होता. म्हणजे ऑनलाइन १०४०० ला पडली, तुमच्याकडं १२०००. फरक १६०० चा आहेच, तो लपवू नका, कशाचे ते सांगा. स्क्रीनशॉट पण नीट बघा, कधीकधी तो रेट जुनी बॅटरी दिल्यावरचा असतो, बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय.

परभणी_बॅटरी: बघितलं, तसं काही नाही. १३२०० निव्वळ.

गोदाकाठ: माझा इन्व्हर्टर रात्री पीं पीं करतो, पाणी टाकलं तरी. काय करावं?

सर्विसवाला: @गोदाकाठ पाणी कोणतं टाकलं? बोअरचं असंल तर बॅटरीची वाट लागली समजा, डिस्टिल्डच लागतं. वेगळा धागा काढा.

@परभणी, १६०० चं सांगतो. पन्नास किलोच्या वरचं धूड सरांच्या माडीवर कोण चढवणार? दुसरं म्हणजे गोदामात महिनोन् महिने बिनचार्ज पडलेली बॅटरी नवी दिसते पण आतून बसलेली असते. पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटर लावला की सहाही खान्यात १२४० च्या आसपास पाहिजे, एखादा खाना बराच खाली दिसला की ती लावायचीच नाही. हे सरांच्या समोर मोजून दाखवा, हजार शब्दाचं काम होतं. असं लिहा:

"नमस्कार सर. ऑनलाइनचा रेट माझ्यापेक्षा कमी आहे, खरं आहे. माझ्या १५५०० मधून जुन्या बॅटरीचे ३५०० वजा होतात, तुम्ही द्यायचे १२०००. त्यात माडीवर चढवणं आणि फिटिंग आलं. जोडायच्या आधी सहाही खान्यांची ग्रॅव्हिटी तुमच्यासमोर मोजतो. वॉरंटीत काही निघालं तर बॅटरी मी नेतो, कंपनीचं उत्तर येईपर्यंत दुसरी लावून देतो. ऑनलाइन घेतली तरी राग नाही, लेबलवरची तारीख तेवढी बघून घ्या."

बीडकर_भाऊ: एवढं लांब कोण वाचतंय, ५०० कमी करा आन मोकळे व्हा.

सर्विसवाला: एकदा केले की गल्लीभर तोच रेट मागतात. सर मास्तर लोकात बसणारे.

लातूरचा_मास्तर: "मास्तर लोक" म्हणजे काय हो? आम्ही हिशोब विचारतो, फुकट मागत नाही.

परभणी_बॅटरी: दुसरी लावून देतो ते काढलं. माझ्याकडं देण्यासाठी एकच आहे, उन्हाळ्यात लाईट जायला लागली की तीन जण मागतात, नाही म्हणायची पाळी आली तर वाईट दिसंल. बाकी तसंच पाठवलं.

परभणी_बॅटरी: आलं उत्तर. "हिशोब पटला, पण मुलानं ऑनलाइन ऑर्डर टाकून दिली. तुम्ही फिटिंग करून द्याल का, किती घ्याल?" आता याला काय म्हणू?

बीडकर_भाऊ: नका जाऊ. उद्या बिघडली की तुमचंच नाव.

सर्विसवाला: जा की, ४०० घ्या. जुनी बॅटरी पण तुम्हीच उचला, भंगारवाल्याच्या रेटनं, ३५०० नाही. ग्रॅव्हिटी मोजा, सहाही आकडे सरांच्या व्हॉट्सॅपवर टाका आन मगच वायर जोडा. एखादा खाना खाली असंल तर खोक्यासकट परत पाठवायला सांगा.

गोदाकाठ: बोअरचंच होतं पाणी.